बॅलिस्टाचा पीळ

प्रश्न: रोमन बॅलिस्टावरच्या मजकुराचं भाषांतर करतोय. टॉर्शनला 'ताण' चालेल का? आणि 'सिन्यू'ची दोरी म्हणजे स्नायूंचीच दोरी ना?

'ताण' नको, 'पीळ' लिहा. बॅलिस्टा दिसते अवाढव्य धनुष्यासारखी, पण धनुष्याची काठी वाकते आणि हिचे दोन दांडे वाकतच नाहीत. प्रत्येक दांड्याचं मूळ दोरांच्या एका उभ्या, घट्ट जुडग्यात खोचलेलं असतं. दोरी मागे ओढली की दांडे फिरतात आणि जुडग्यांना पीळ बसतो. सोडली की पीळ उलगडतो आणि दगड सुटतो.

स्टूल उलटं ठेवून दोन पायांभोवती सुतळीचे पाच-सहा वेढे द्या आणि मध्ये पेन्सिल खोचून फिरवत राहा. थोड्या वेळाने ती बोटांत ठरत नाही. पिळताना प्रत्येक धाग्याची वाट मळसूत्री होते, म्हणजे लांबते. टोकं मात्र जागची हलत नाहीत, म्हणून धाग्याला ताणावंच लागतं. तेव्हा ऊर्जा साठते ती अखेर ताणलेल्या धाग्यांतच आणि तुमचा 'ताण' अगदीच चूक नाही. पण यंत्राची ओळख तो ताण कसा येतो यावरून ठरते. लॅटिनमध्ये अशा यंत्रांना 'टॉर्मेंटुम' म्हणत, 'टॉर्क्वेरे' म्हणजे पिळणे यावरून. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ छळ. आपणही 'पिळणे'वरून 'पिळवणूक' केलीच की!

'स्नायूंची दोरी' मात्र खटकते. संस्कृतात 'स्नायु' म्हणजे हाडं-सांधे बांधणारा चिवट तंतू. मराठीत तो शब्द मांसाकडे सरकला आणि मांसाची दोरी काही वळता येत नाही. सिन्यू म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा, तेव्हा 'कंडरेच्या तंतूंची दोरी' म्हणा. 'तात' टाळा, तिने पिंजाऱ्याची आतड्याची तात आठवते.

जुडगं किती जाड हवं याचा ग्रीकांचा नियम होता. दगडाचं वजन मिनांत घ्यायचं, शंभराने गुणायचं, घनमूळ काढायचं आणि त्यात त्याचा दहावा भाग मिळवायचा. १० मिनांच्या, म्हणजे साधारण साडेचार किलोंच्या दगडाला १००० चं घनमूळ १०, अधिक १, म्हणजे ११ अंगुळं. सुमारे २१ सेंटिमीटर. बाकीच्या भागांची मापं याच आकड्यावरून निघत.

दोन्ही जुडग्यांचा पीळ सारखा नसेल तर नेम एका बाजूला जातो. तो सारखा आहे की नाही हे कानाने ठरवत. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअस सांगतो की दोर छेडल्यावर दोन्हीकडून एकच सूर यायला हवा. म्हणून बॅलिस्टा लावणाऱ्याला संगीताचं ज्ञान हवं, असंही तो म्हणतो.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे उलटं. दमट हवेत कंडरेचे तंतू सैलावतात. मारा करून करूनही दोर ढिला पडतो. मग जोर परत आणायला आणखी पिळावं, तर तंतूंची लवचीकताच जाते, अशी बायझँटिअमच्या फिलॉन या ग्रीक यंत्रकाराची तक्रार आहे.