टन-किलोमीटर काढताना परतीची फेरी विसरू नकोस

तू 10 टनी गाडीचा टन-किमीचा दर, म्हणजे एक टन माल एक किमी नेण्याचा खर्च, 3.50 रुपये काढलास, तिथेच गोम आहे. फेरीच्या एकूण खर्चाला तू क्षमतेने भागलंस: 10 टन गुणिले जाऊन-येऊन 360 किमी, म्हणजे 3,600. पण नाशिकहून वाशीला 180 किमी 10 टन कांदा गेला, येताना मिळाला 4 टनच माल. म्हणजे 1,800 अधिक 720, एकूण 2,520 टन-किमी. भागायचं ते याच आकड्याने.

आता खर्च. व्याज, विमा, ड्रायव्हरचा पगार, घसारा मिळून महिन्याला 60,000; पंधरा फेऱ्या झाल्या तर फेरीला 4,000. हप्त्यातलं मुद्दल यात धरू नकोस, ते घसाऱ्यातून येतंच. डिझेल 72 लिटर, 90 रुपयांनी 6,480. टोल, टायर, दुरुस्ती 2,120. एकूण 12,600, म्हणजे टन-किमीला 5 रुपये.

गाडी रिकामी परतली तर डिझेल थोडंच वाचतं, आणि दर जातो 7 च्या आसपास. म्हणून वाशीचं भाडं ठरवण्याआधी परतीचा माल नक्की कर. फेऱ्या पंधराच्या दहा झाल्या, तर स्थिर खर्च फेरीला 6,000 पडतो. तेव्हा हिशेब दर महिन्याला लॉगबुकावरून नव्याने मांड.