एचआरशी आधी खासगीत बोलायचंय, पण मेलमध्ये काय लिहू?

प्रश्न: मी कळव्याला राहते, ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत आहे. टीममधला एक सीनिअर सहकारी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर अंगावर येतो, मला मेलमधून वगळतो. १२ मार्चला त्याने चॅटवर लिहिलं, ‘साडीत तू हॉट दिसतेस, रोज नेसत जा.’ मी उत्तर दिलं नाही, तेव्हापासून त्रास वाढला. आज २० मे. लगेच तक्रार नको, आधी एचआरशी गुप्तपणे बोलायचंय. मेल कसा लिहू? उद्या तोच माझ्यावर उलटणार नाही ना?

उत्तर: ताई, मेलच्या मजकुराआधी तारखेकडे बघू. साडीचा मेसेज तुम्ही मध्येच एका ओळीत सांगून टाकलात, पण कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात वजनदार तोच आहे. नुसतं ओरडणं, मेलमधून वगळणं हा बहुतेक वेळा कंपनीच्या आचारसंहितेचा विषय असतो. लैंगिक रोखाची टिप्पणी मात्र २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळविरोधी कायद्यात येते, म्हणजे ऑफिसात ज्याला ‘पॉश’ म्हणतात त्यात. आणि तिच्यानंतर सुरू झालेला जाच तिच्याशी जोडलेला असेल, तर तोही त्याच तक्रारीत मांडता येतो.

या कायद्याखाली अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार तीन महिन्यांत द्यावी लागते. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजतात, पण समोरचा म्हणणार की मेसेज एकच होता, बाकी कामातली कुरबुर. म्हणून तुम्ही १२ मार्चपासूनच मोजा आणि ११ जूनची तारीख डोक्यात पक्की ठेवा. समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, पण उशीर का झाला हे तिला पटावं लागतं. एचआरशी बोलणी चालू आहेत म्हणून ही मुदत आपोआप थांबत नाही. वाशीहून आलेल्या एका बाईंचं नेमकं हेच झालं होतं. ‘आम्ही बघतो’ ऐकत त्यांचे चार महिने गेले, आणि मुदतवाढीसाठी वेगळं झगडावं लागलं.

दुसरा गैरसमज गुप्ततेचा. वकिलाला सांगितलेल्या गोष्टीला कायद्याचं संरक्षण असतं, तसं एचआरला सांगितलेल्या गोष्टीला नसतं. एचआर कितीही भली असली तरी ती मालकाची प्रतिनिधी. पॉश कायद्याचं कलम १६ गुप्तता सक्तीची करतं आणि ती मोडणाऱ्याकडून ५,००० रुपये दंड वसूल होतो, पण ते समितीकडे दिलेल्या तक्रारीला लागू आहे, चहा पिता पिता झालेल्या गप्पांना नाही.

म्हणून मेल छोटा ठेवा. त्यात त्याचं नाव नको, मेसेज नको, ‘मानसिक छळ’, ‘विकृत’ असले शब्द तर नकोतच. मेल एकदा गेला की कुठे फॉरवर्ड होईल ते आपल्या हातात नसतं. इंग्रजीत पाठवणार असाल तर आशय असा ठेवा:

‘एका सहकाऱ्याच्या माझ्याशी असलेल्या वागणुकीबद्दल मला आपल्याशी समोरासमोर, गोपनीयरीत्या बोलायचं आहे. ही औपचारिक तक्रार नाही. तक्रारीचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे. कृपया या आठवड्यात वेळ द्यावी आणि हा मेल माझ्या टीममध्ये कोणालाही पाठवू नये.’

‘हक्क राखून’ हे शब्द गाळू नका. ते नसले तर ‘तेव्हा त्यांनीच तक्रार नको म्हटलं होतं’ असं पुढे कोणीतरी म्हणतंच. विषयाच्या ओळीत फक्त ‘भेटीची विनंती’ लिहा आणि कॅलेंडरचं निमंत्रण प्रायव्हेट ठेवायला सांगा. शेअर केलेल्या कॅलेंडरवर भेटीचा विषय टीमला दिसला, की गुप्तता तिथेच संपली.

भेटीत तोंड उघडण्याआधी विचारा, ‘मी जे सांगेन ते तुम्हाला आणखी कोणाला कळवावं लागेल?’ उत्तर गोलमोल आलं तर नाव न घेता फक्त प्रकार सांगा आणि समितीच्या सदस्यांची नावं मागून घ्या. त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल पाठवा: आज अमुक वाजता भेटलो, तुम्ही अमुक दिवसापर्यंत कळवाल असं ठरलं. पुढे ‘आम्हाला काही माहीतच नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही. चॅटचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट ठेवा, मूळ चॅट पुसू नका. कंपनीच्या इतर फायली मात्र स्वतःच्या जीमेलवर ढकलू नका. त्यावरून उलट तुमच्यावरच शिस्तभंगाची कारवाई काढतात.

उलटण्याची भीती म्हणाल, तर अधिकार असलेल्या व्यक्तीपुढे सद्भावनेने केलेला आरोप बदनामी ठरत नाही, असा अपवाद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येच आहे. फक्त तोच मजकूर टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. समितीपुढे आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरूनही तुमच्यावर कारवाई होत नाही. त्यासाठी तक्रार जाणूनबुजून खोटी होती हे दाखवावं लागतं.

एचआरला ३० मेपर्यंत वेळ द्या. तोवर ठोस काही हललं नाही, तर समितीकडची लेखी तक्रार तयारच ठेवलेली असू द्या. ती दिल्यावर चौकशीआधी समेट हवा असेल तर तोही तुम्हाला मागता येतो, फक्त पैशांच्या बदल्यात तो होत नाही.