‘प्रत्येक ε साठी एक N’ हे वाक्य वाचायचं कसं?

*एफ.वाय.बी.एस्सी.ला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. लिमिटची ती ‘फॉर एव्हरी एप्सिलॉन देअर एक्झिस्ट्स एन’ वाली व्याख्या पाठ आहे, गणितं बघून बघून सोडवतो, पण वाक्य वाचून डोळ्यांपुढे काहीच येत नाही. हे वाक्य नेमकं वाचायचं कसं?*

आधी ते पूर्ण वाक्य एकदा मराठीत लिहून समोर ठेवूया. aₙ ही क्रमिका L कडे जाते, याचा अर्थ:

प्रत्येक ε > 0 साठी असा एक N असतो, की n ≥ N असलेल्या प्रत्येक n साठी |aₙ − L| < ε.

माझा अनुभव असा की हे वाक्य डावीकडून वाचायला घेतलं की पहिल्याच शब्दाला अडखळायला होतं, कारण ε कशासाठी आलाय हे शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून अर्थ लावताना शेवटापासून सुरुवात करा. |aₙ − L| म्हणजे aₙ आणि L यांच्यातलं अंतर. ते ε पेक्षा कमी, म्हणजे aₙ हे L − ε आणि L + ε यांच्यामधल्या पट्ट्यात आहे. इतकंच. आता एक पाऊल मागे या: ‘n ≥ N असलेल्या प्रत्येक n साठी’. म्हणजे N पासून पुढचं एकही पद पट्ट्याबाहेर नाही. आधीची पदं कुठेही भटकू देत. आणखी मागे: ‘असा एक N असतो’. म्हणजे पदं पट्ट्यात शिरून कायमची तिथेच राहतात, असा टप्पा कुठेतरी येतोच. आणि सर्वात शेवटी ‘प्रत्येक ε साठी’: पट्टा कितीही अरुंद केला तरी असा टप्पा येतो.

अर्थ असा आतून बाहेर उलगडत जातो. पण कोण कधी निवड करतो हे मात्र डावीकडून उजवीकडेच वाचायचं, आणि तिथेच बहुतेकांचा घोळ होतो. एक उदाहरण घेऊ.

aₙ = (3n + 1)/(n + 2), L = 3. अंतर काढा. 3 वजा केल्यावर अंशात 3n + 1 − 3n − 6 म्हणजे −5 उरतं, म्हणून |aₙ − 3| = 5/(n + 2). आता समजा तुमचा मित्र समोर बसलाय आणि तो ε देतो, तुम्ही N द्यायचा. तो म्हणाला ε = 0.1. तुम्हाला 5/(n + 2) < 0.1 हवंय, म्हणजे n + 2 > 50, म्हणजे n > 48. तुम्ही N = 49 दिलात की काम झालं. तो म्हणाला, थांब, ε = 0.01. आता n > 498 हवं, तर N = 499. मित्राने पट्टा अरुंद केला की तुमचा N पुढे सरकतो. ε आधी आला आणि तो बघून तुम्ही N ठरवलात, म्हणून N हा ε वर अवलंबून असतो. व्याख्येत हे कुठेच शब्दांत लिहिलेलं नसतं. ते फक्त क्रमातून कळतं: ‘प्रत्येक ε साठी’ आधी, ‘असा एक N’ नंतर.

क्रम उलटला तर? ‘असा एक N असतो, की प्रत्येक ε > 0 साठी आणि प्रत्येक n ≥ N साठी |aₙ − L| < ε.’ शब्द तेच, पण आता N तुम्ही आधी जाहीर करायचा आणि मित्राने तो ऐकून मग ε काढायचा. समजा तुम्ही ऐटीत N = 1000 म्हणालात. तो a₁₀₀₀ चं 3 पासूनचं अंतर मोजेल, 5/1002, म्हणजे साधारण 0.005, आणि ε = 0.001 मागेल. तुम्ही हरलात. तुम्ही कितीही मोठा N सांगा, त्या पदाचं अंतर शून्य नाही, त्यामुळे त्याहून लहान ε त्याच्याकडे असतोच. हे उलटं वाक्य खरं ठरायला N पासून पुढचं प्रत्येक पद तंतोतंत L च असावं लागतं. तसली क्रमिका म्हणजे 7, 4, 3, 3, 3, 3… यापलीकडे फार काही नाही.

रोजच्या भाषेत हा फरक आपण सहज ओळखतो. ‘वाड्यातल्या प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे’ आणि ‘एक किल्ली अशी आहे की ती वाड्यातल्या प्रत्येक कुलपाला लागते’ यांत कोणी गोंधळत नाही. दुसऱ्या वाक्यातली किल्ली चोराच्या हाती लागली तर वाडा गेला. चिन्हांत लिहिलं की मात्र ∀ आणि ∃ ची अदलाबदल झालेली डोळ्यांना दिसत नाही.

मराठीतून विचार करणाऱ्यांसाठी एक खास खाचखळगा आहे, तो म्हणजे ‘कोणताही’ हा शब्द. ‘कोणताही एक आंबा उचल’ म्हणजे तुझ्या मर्जीने एक उचल. ‘कोणताही आंबा उचल, गोडच निघेल’ म्हणजे सगळे गोड. शब्द एकच, पण पहिल्यात निवड तुमच्या सोयीची, दुसऱ्यात ती कशीही झाली तरी माझा दावा टिकायला हवा. वहीत ‘कोणताही ε > 0 घेऊ’ लिहून पुढच्याच ओळीत ‘समजा ε = 0.01’ लिहिणारी मुलं मी दर वर्षी बघतो. त्यांनी ‘कोणताही’ पहिल्या अर्थाने घेतलेला असतो. ε निवडायचा हक्क तुमचा नाहीच, तो समोरच्याचा. माझा उपाय साधा आहे: मनातल्या मनात ‘ε कोणताही दिला तरी’ असं वाचा. तो ‘तरी’ आला की गोंधळ मिटतो. आणि एकदा ε दिला की तो तिथेच थांबला. तो शून्याकडे वगैरे सरकत नाही. सरकतो तो n.

आता तिसरा तुकडा, ‘n ≥ N असलेल्या प्रत्येक n साठी’. पुष्कळ जण तो तोंडी सांगताना गाळतात, आणि तो गाळला की व्याख्याच बदलते. (−1)ⁿ ही क्रमिका घ्या: −1, 1, −1, 1… आणि L = 1. कितीही लहान ε द्या, कितीही पुढचा N द्या, त्यापुढे एखादा सम n सापडतोच जिथे अंतर शून्य आहे. पदं पुन्हा पुन्हा 1 ला येऊन भेटतात, पण मुक्कामाला राहत नाहीत. व्याख्येला मुक्काम हवा आहे. ही क्रमिका 1 कडे जात नाही हे सिद्ध करायचं तर मूळ वाक्याचा नकार लिहावा लागतो, आणि नकारात प्रत्येक निवड दुसऱ्या पक्षाकडे जाते: असा एक ε > 0 असतो, की प्रत्येक N साठी असा एक n ≥ N सापडतो, जिथे |aₙ − L| ≥ ε. आता ε तुम्ही द्यायचा. ε = 1 द्या. मित्राने कुठलाही N दिला तरी तुम्ही n = 2N + 1 द्या. तो विषम आहे, N पेक्षा मोठा आहे, आणि अंतर |−1 − 1| = 2 आहे, 1 पेक्षा कमी नाही. संपलं.

नकार लिहिताना ‘ε > 0’ चं ‘ε ≤ 0’ आणि ‘n ≥ N’ चं ‘n < N’ करू नका. त्या अटी फक्त कुठून निवडायचं ते सांगतात, त्यामुळे त्या तशाच राहतात. उलटते ती शेवटची असमानता.

सिद्धता लिहिताना काय करायचं? वर (3n + 1)/(n + 2) साठी आपण |aₙ − 3| < ε गृहीत धरून n सोडवला. ते कच्चं काम, ते मागच्या पानावर. पक्क्या सिद्धतेत दिशा उलटी असते. ती अशी: ‘ε > 0 दिलेला आहे. N > 5/ε असा एक नैसर्गिक N घेऊ. आता n ≥ N असेल तर |aₙ − 3| = 5/(n + 2) < 5/n ≤ 5/N < ε.’ बस्. वाक्यांचा क्रम व्याख्येच्या क्रमासारखाच आहे बघा: आधी ε, मग N, मग n, आणि शेवटी असमानता. तुमच्या N च्या सूत्रात n डोकावला तर काहीतरी चुकलं आहे, कारण N ठरवताना n अजून जन्माला यायचा आहे.

इथे मी 5/ε − 2 ऐवजी नुसता 5/ε वापरला. ε = 0.1 ला त्यातून N = 51 मिळतो, 49 नाही. चालतं. सर्वात लहान N कोणी मागितलेलाच नाही. एक N चालला की त्यापुढचे सगळे चालतात. उलट 5/ε − 2 वापरलात आणि समोरून ε = 10 आला, तर उत्तर ऋण येतं आणि मुलं घाबरतात. त्याचा अर्थ इतकाच की पट्टा इतका रुंद आहे की पहिल्या पदापासूनच सगळं आत आहे. 5/ε घेतला की हा प्रश्न उद्भवतच नाही.

क्रमाचा हा मुद्दा पहिल्या वर्षापुरता नाही. xⁿ घ्या, x हा 0 आणि 1 च्या मध्ये, 1 सोडून. प्रत्येक x साठी xⁿ शून्याकडे जातो. ε = 0.1 धरा. x = 0.5 असेल तर N = 4 पुरतो. x = 0.9 ला 22 लागतो, x = 0.99 ला 230. x जसा 1 च्या जवळ जाईल तसा N पळत सुटतो, आणि सगळ्या x ना मिळून एक N मिळत नाही. म्हणजे ‘प्रत्येक x साठी असा एक N’ खरं, पण ‘असा एक N, की प्रत्येक x साठी’ खोटं. पुन्हा तीच कुलपं आणि तीच किल्ली. १८२१ साली कोशीने आपल्या पुस्तकात असं विधान केलं, की सतत फलांच्या अभिसारी श्रेणीची बेरीजही सतत असते. १८२६ साली आबेलने साइनची एक श्रेणी दाखवून या विधानाला अपवाद आहेत हे लिहिलं. N हा x वर अवलंबून असू शकतो की नाही, यावरच ते विधान उभं किंवा आडवं होतं, आणि हा भेद नीट स्थिरावायला पुढे काही दशकं गेली. तेव्हा पहिल्या वर्षाला तुम्हाला तो चटकन दिसला नाही, यात फार वाईट वाटून घेऊ नका; x = 0.999 ला N किती लागतो ते तेवढं काढून बघा.