भाड्याचं झेरॉक्स मशीन मुदतीआधी सोडताना

"ऑफिसला ३ वर्षांच्या करारावर झेरॉक्स मशीन भाड्याने घेतलंय. १४ महिने बाकी आहेत आणि ऑफिस लहान करतोय. भाडेवाला म्हणतो उरलेलं सगळं भाडं भरा, नाहीतर मशीन विकत घ्या. काय करावं?"

आधी दर महिन्याचं बिल कोणाच्या नावाचं येतं ते बघा. फायनान्स कंपनीचं असेल तर डीलरशी बोलून उपयोग नाही, तिच्याकडूनच फोरक्लोजरचा आकडा लेखी मागवा आणि तिथे फार सूट धरू नका. डीलरचंच बिल असेल तर मात्र बोलायला जागा आहे.

पुण्यात आमचंही असंच झालं होतं. भाडं ४,५०० अधिक जीएसटी, त्यात ५,००० कॉपी, टोनर आणि सर्व्हिस, डिपॉझिट १५,०००. आमचेही १४च महिने उरले होते, म्हणून डीलरने ६३,००० मागितले. मी एवढंच विचारलं, "मशीन तुम्ही परत नेणार, दुसरीकडे लावणार, मग आमच्या न काढलेल्या कॉपींच्या टोनरचे आणि न येणाऱ्या इंजिनिअरचे पैसे कसले?" भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, कोर्ट त्या आत वाजवी भरपाईच देतं. कोर्टात कोणालाच जायचं नसतं, पण हे माहीत आहे म्हटल्यावर समोरच्याचा सूर बदलतो. शेवटी ३ महिन्यांच्या भाड्यावर, १३,५०० वर तुटलं. ते डिपॉझिटमधून वळते झाले, १,५०० परत आले.

विकत घ्यायचा भाव त्याने ५५,००० सांगितला होता. तेच मॉडेल रिफर्बिश्ड बाजारात ३८,००० ला होतं, शिवाय आमच्या प्रत्येक कॉपीवर एक उभी काळी रेघ येत होती. काच पुसूनही ती जाईना, म्हणजे बहुधा ड्रम संपत आलेला. विकत घेतलं की तो खर्च तुमचा आणि सर्व्हिसचं एएमसीही वेगळं. महिन्याला हजार-दीड हजार कॉपी निघत असतील तर मशीन परतच द्या असं माझं मत.

नेताना दोन गोष्टी सोडू नका. मीटर रीडिंगचं पान मशीनमधूनच प्रिंट करून त्यावर नेणाऱ्याची सही घ्या. सीरियल नंबर आणि 'येणे बाकी नाही' हे त्याच्या लेटरहेडवर हवं. आमच्याकडे पोच नसती तर महिन्याभराने आलेलं 'जादा कॉपीं'चं बिल गुपचूप भरावं लागलं असतं. आणि हार्ड डिस्क असेल तर समोर पुसून घ्या, पक्षकारांची पॅन-आधार स्कॅन केलेली त्यात पडून असतात.

'येणे बाकी नाही'चं पत्र हातात आल्यावरच बँकेतला ऑटो-डेबिट बंद करा. आधी बंद केलात तर कागदावर थकबाकीदार तुम्ही ठरता, आणि मग तो भाव कशाला कमी करेल?