फक्त केस बदला, चेहरा नको

फेस स्वॅपमध्ये दुसऱ्याच्या फोटोवर तुमचे डोळे, नाक, तोंड बसतं; डोक्याचा आकार, मान आणि बहुतेकदा जबड्याची कडाही त्या दुसऱ्याचीच राहते. म्हणून हव्या त्या केशरचनेच्या फोटोवर आपला चेहरा चिकटवला, तर माणूस ‘भावासारखा’ दिसतो, तोच नाही. केस बदलायचे तर मूळ फोटो आपलाच ठेवा आणि इनपेंटिंगने, म्हणजे फोटोतला निवडलेला भाग एआय मॉडेलकडून पुन्हा काढून घेऊन, केसांचा भागच नव्याने घडवा.

सगळा खेळ मास्कचा, म्हणजे मॉडेलने बदलायच्या भागाच्या निवडीचा. समजा, लांब केसांचा बॉब करायचा आहे. मास्कमध्ये नव्या केसांची जागा तर हवीच, पण जुने केसही शेवटच्या बटेपर्यंत हवेत. नाहीतर खांद्यावर तुटक बटा उरतात. केसांखालून उघडे पडणारे मान, खांदे, पार्श्वभूमी मॉडेल अंदाजानेच भरतं. कपाळावर मास्क थोडा आत न्या आणि कड मऊ ठेवा. भुवयांना मात्र शिवू नका. डीनॉइझिंग, म्हणजे मूळ चित्र किती बदलायचं याचं ० ते १ मधलं प्रमाण, ०.४ सारखं कमी ठेवलंत तर जुने केस डोकावतात, इथे ०.८ च्या पुढे जावं लागतं.

मास्कबाहेरची त्वचाही किंचित बदलू शकते, म्हणून शेवटी मूळ चेहरा वरून परत बसवा. मूळ आणि नवा फोटो, फोटो एडिटरच्या फक्त फरक दाखवणाऱ्या डिफरन्स मोडमध्ये एकमेकांवर ठेवा: चेहरा पूर्ण काळा दिसला पाहिजे.