पाकिटाचं सरासरी वजन आणि ०.०५७ चा अर्थ

प्रश्न: आमच्याकडे हळद पावडरची ५०० ग्रॅमची पाकिटं भरतात. २५ पाकिटं तपासली. सरासरी ४९८.२ ग्रॅम, प्रमाण विचलन ४.५ ग्रॅम, पी-व्हॅल्यू ०.०५७. मी म्हणतो, मशीन बरोबर असण्याची शक्यता ५.७ टक्के आहे. प्रॉडक्शनचे साहेब म्हणतात, ०.०५ च्या वर आहे म्हणजे मशीन ठीक. कोणाचं खरं?

उत्तर: दोघांचंही नाही. मी काही वर्षं मसाल्याच्या पॅकिंग लाइनवर क्वालिटीचं काम केलंय. हा वाद तिथेही व्हायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पी-व्हॅल्यू काढताना पहिलं पाऊल असं असतं की मशीनची खरी सरासरी बरोबर ५०० ग्रॅम आहे हे आपण मान्य करून टाकतो. यालाच शून्य गृहीतक म्हणतात. आता अशा निर्दोष मशीनवरून रोज २५ पाकिटं उचलली, तरी सरासरी रोज ५०० येणार नाही. एक दिवस ५००.७ येईल, दुसऱ्या दिवशी ४९९.१. एकेक पाकीट साधारण ४.५ ग्रॅमने इकडेतिकडे होतं, पण २५ पाकिटांच्या सरासरीत कमी-जास्त एकमेकांत जिरतं, त्यामुळे ती ४.५ भागिले २५ चं वर्गमूळ, म्हणजे ०.९ ग्रॅमनेच हलते. तुमची सरासरी ५०० पासून १.८ ग्रॅम लांब आहे, म्हणजे ०.९ च्या बरोबर दुप्पट. एक्सेलमध्ये टी वितरणाचं हे सूत्र टाकून बघा, त्यात २ म्हणजे ती दुप्पट आणि २४ म्हणजे २५ पाकिटं उणे एक:

```
=T.DIST.2T(2,24)
```

उत्तर ०.०५६९ येतं. याचा अर्थ एवढाच: मशीन खरोखर ५०० वर असतं आणि अशी तपासणी हजार वेळा केली असती, तर त्यातल्या सुमारे ५७ वेळा, वर किंवा खाली, तुमच्याइतका किंवा तुमच्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसला असता. मशीन बरोबर आहे हे यात गृहीत धरलेलं आहे. जे गृहीत धरून गणित मांडलं, त्याचीच शक्यता त्या गणितातून बाहेर पडणार कशी?

तुमचा अर्थ किती चुकीचा ठरू शकतो ते शिफ्ट मोजून बघू. समजा हजार शिफ्टपैकी ९०० मध्ये मशीन अगदी बरोबर असतं आणि १०० मध्ये ते खरोखर १.८ ग्रॅम कमी भरतं. (हे प्रमाण मी उदाहरणासाठी धरलंय, तुमच्या लाइनचं वेगळं असेल.) प्रत्येक शिफ्टला २५ पाकिटं तपासायची आणि पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली गेली की लाइन थांबवायची असं ठरलंय. बरोबर असलेल्या ९०० शिफ्टमधल्या ५ टक्के, म्हणजे ४५ वेळा, विनाकारण लाइन थांबेल. बिघडलेल्या १०० मधल्या साधारण ४८ पकडल्या जातील. म्हणजे लाइन ९३ वेळा थांबली आणि त्यातल्या ४५ वेळा मशीनमध्ये काहीच दोष नव्हता. पी-व्हॅल्यूची मर्यादा ५ टक्के, पण इशारा मिळूनही मशीन बरोबर असण्याचं प्रमाण जवळपास निम्मं. मशीन मुळात किती वेळा बिघडतं यावर ते ठरतं, आणि ती माहिती तुमच्या २५ पाकिटांत नाही.

याच हिशेबात तुमच्या साहेबांचं उत्तरही आहे. १.८ ग्रॅम कमी भरणाऱ्या १०० शिफ्टपैकी ५२ शिफ्ट ही चाचणी सोडून देते. एवढा फरक २५ पाकिटांवर पकडला जाणं म्हणजे जवळजवळ नाणेफेक. मग पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर राहिली म्हणून मशीन ठीक, असं कसं म्हणता येईल? हीच सरासरी आणि हेच विचलन ५ पाकिटांवर आलं असतं, तर पी-व्हॅल्यू ०.४२ च्या आसपास आली असती. मशीन तेवढंच कमी भरत असतं, फक्त आपला पुरावा तोकडा पडला असता. उलट बाजूला, २५०० पाकिटं तोलली आणि सरासरी ४९९.८ आली, तर पी-व्हॅल्यू ०.०२६ निघते, आणि फरक असतो ०.२ ग्रॅम. थोडक्यात, हा आकडा फरकाबरोबर पाकिटांच्या संख्येवरही हलतो.

०.०५ ही रेषासुद्धा किती नाजूक आहे बघा. तुमचंच २ हे उत्तर टी ऐवजी नॉर्मल वितरणाच्या तक्त्यात बघितलं तर ०.०४६ येतं, म्हणजे रेषेच्या खाली. तुमच्या बाबतीत टी योग्य आहे, कारण विचलनही त्याच २५ पाकिटांवरून काढलंय आणि त्यातही चूक असू शकते. (हे वितरण डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडलं. प्रश्न आपल्यासारखाच होता, नमुने थोडे असताना काय म्हणता येईल.) पण दोन तक्त्यांतल्या एवढ्याशा फरकाने ‘ठीक’चं ‘बिघडलं’ होत असेल, तर त्या रेषेवर मशीनचा निकाल लावू नये.

मी तुमच्या जागी असतो तर साहेबांसमोर पी-व्हॅल्यूऐवजी पल्ला ठेवला असता. टी वितरणात २५ पाकिटांसाठी ९५ टक्क्यांचा आकडा २.०६४ आहे, म्हणून ४९८.२ च्या दोन्ही बाजूंना २.०६४ गुणिले ०.९, म्हणजे ९५ टक्के विश्वास-अंतर साधारण ४९६.३ ते ५००.१ ग्रॅम. ५०० या पल्ल्यात जेमतेम बसतं, पण ४९७ सुद्धा बसतं. ‘खरी सरासरी ३ ग्रॅमने कमी असू शकते’ हे वाक्य प्रॉडक्शनवाल्यांना लगेच कळतं. त्यानंतर १०० पाकिटांचा नवा नमुना घ्या, आणि संख्या आधी ठरवून घ्या. जुन्या २५ मध्ये पाच-पाच पाकिटं घालत दरवेळी पी-व्हॅल्यू बघत बसलात, तर निर्दोष मशीनही कधी ना कधी ०.०५ च्या खाली जाण्याची शक्यता वाढत जाते.

पाकिटं कशी उचलता याकडेही लक्ष द्या. आमच्याकडे मिरची पावडरच्या लाइनवर तपासणीची पाकिटं सलग काढायचे, सगळी तीन-चार मिनिटांतली. ती एकमेकांसारखीच असतात, त्यामुळे विचलन खोटं कमी दिसतं आणि पी-व्हॅल्यूही. मी वेळ टाकून, शिफ्टभर दर वीस मिनिटांनी एक पाकीट काढायला लागलो आणि रिकाम्या पाकिटाचं वजन वजा करून आकडे वेळेच्या क्रमाने वहीत उतरवले. दुपारी एका ठरावीक वेळेनंतर सगळे आकडे खाली सरकलेले दिसले. स्टोअरच्या नोंदीत बघितलं, तर त्याच सुमाराला हॉपरमध्ये नवा लॉट ओतला होता. ऑगर फिलर पावडर तोलत नाही, स्क्रूचे फेरे मोजतो. नवी पावडर जास्त बारीक होती, तिच्यात हवा भरलेली, त्यामुळे तेवढ्याच फेऱ्यांत वजन कमी पडत होतं. ऑपरेटरने फेरे थोडे वाढवले आणि वजन जागेवर आलं. तुमच्या २५ पाकिटांवर वेळ लिहिलेली असेल, तर आधी तो क्रम लावून बघा.