टायमर बंद, तरी मोटर चालूच : रिलेचे पॉइंट का चिकटतात?

प्रश्न : साहेब, रोपवाटिकेच्या ठिबकासाठी १ एचपीची सिंगल फेज मोटर टायमरवर लावली आहे. टायमरमध्ये १६ अँपिअरचा रिले आहे, मोटर ७ अँपिअर घेते. तरी दीड महिन्यात पॉइंट चिकटले, रात्रभर पाणी वाहिले. दुकानदार म्हणतो ३० अँपिअरचा रिले घाला. घालू का? (एक शेतकरी, खानापूर तालुका)

उत्तर : घालू नका. खानापूरपासून निपाणी, अथणीपर्यंत हा प्रकार मी कितीतरी शेतांत पाहिला आहे, आणि दर वेळी दुकानदाराने आकडाच मोठा करून दिलेला असतो. औषध चुकीचे असताना डोस वाढवून कीड जात नाही, तसेच हे आहे.

७ अँपिअर हा मोटर फिरायला लागल्यानंतरचा आकडा. सुरू होताना रोटर थांबलेला असतो, त्यामुळे विजेला अडवणारा उलटा दाब तयार झालेला नसतो. त्या क्षणी मोटर साधारण सहापट ओढते, म्हणजे ४२ अँपिअर. नेमके त्याच वेळी रिलेचे पॉइंट एकमेकांवर आपटून काही मिलिसेकंद उड्या मारत असतात. प्रत्येक उडीला ठिणगी पडते, चांदीच्या पॉइंटचा पृष्ठभाग वितळतो, आणि वितळलेल्या धातूवरच पॉइंट दाबले जातात. धातू गोठला की वेल्डिंग झाले. लहान रिलेची स्प्रिंग नाजूक असते, ती हा सांधा तोडू शकत नाही. रिलेवरचे १६ अँपिअर हे हीटरसारख्या साध्या लोडसाठी असतात. मोटरसाठीचा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात वेगळा दिलेला असतो आणि तो बराच लहान असतो. दुकानदार तो दाखवत नाही.

आता माझे ठाम मत. टायमरच्या रिलेने मोटर चालवायचीच नाही, त्याने फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरसाठीच्या दणकट विजेरी स्विचची, कॉइल ओढायची. लहान कॉन्टॅक्टरची कॉइल ओढताना साधारण ७० व्हीए घेते, म्हणजे २३० व्होल्टला ०.३ अँपिअर. तेवढे तुमचा रिले सहज पेलतो. मोटरचा भार कॉन्टॅक्टर घेतो आणि त्याची निवड AC-3 या आकड्यावर करायची, कारण AC-3 म्हणजे सुरू होताना सहापट करंट धरूनच दिलेले रेटिंग. तुमच्या ७ अँपिअरला दीडपट धरा, साडेदहा होतात. पुढचा मिळणारा आकार १२ अँपिअर AC-3, तो घ्या. इथे पुन्हा फसवणूक होते: खोक्यावर ठळक २५ लिहिलेले असते, पण तो AC-1 चा, म्हणजे हीटरसारख्या साध्या लोडचा आकडा असतो. त्याच कॉन्टॅक्टरचा AC-3 आकडा ९ असू शकतो. दुकानात बिल करण्याआधी AC-3 ची ओळ स्वतः वाचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वेगवेगळ्या पोलमधून तोडा, म्हणजे एक पोल चिकटला तरी दुसरा सुटण्याची शक्यता राहते.

कोणी म्हणेल दोन रिले जोडीने लावा. नको. दोन्ही एकाच क्षणी लागत नाहीत, पहिला लागणारा सगळा झटका एकटाच खातो. कोणी म्हणेल पॉइंटवर कंडेन्सर टाका. तो चार्ज झालेला असताना पॉइंट जुळले की उलट जास्त करंट येतो. पॉइंट पॉलिश पेपरने घासू नका, वरचा मिश्रधातूचा थर पातळ असतो.

वेळेचे बोलायचे तर लाइन आल्याआल्या मोटर सुरू करू नका. तेव्हा सगळ्या मोटारी एकदम लागतात आणि व्होल्टेज बसते. कॉइलला साधारण १९५ व्होल्टच्या खाली धड ओढता येत नाही, कॉन्टॅक्टर खडखड करतो, आणि प्रत्येक खडखडीला तो ४२ अँपिअरचा झटका नव्याने बसतो. दोन मिनिटांचा ऑन-डिले लावा. १९५ च्या खाली मोटर लावू नका. पुन्हा सांगतो, लावू नका.

करंट वाढला की ट्रिप होणाऱ्या ओव्हरलोड रिलेची चकती मोटरच्या पाटीवरील ७ वरच ठेवा. वायरमन "सारखा ट्रिप होतो" म्हणून १० वर नेतो, ते चालणार नाही. आणि एक लक्षात असू द्या: ओव्हरलोड फक्त कॉइल सोडतो. पॉइंट चिकटले असतील तर ओव्हरलोड ट्रिप होऊनही मोटर जळते. म्हणून मागे एमसीबी हवीच.

कोंबड्यांच्या ब्रूडरचे पिवळे बल्ब थर्मोस्टॅटवर असतील तर तिथेही हेच. थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. १०० वॅटचे २० बल्ब चालताना ९ अँपिअरच्या आत घेतात, पण लावताना क्षणभर ८० च्या वर जातात. बल्बांसाठी AC-5b हा आकडा विचारा, किंवा दोन-तीन गट करून थोड्या अंतराने लावा. एलईडीचे वॅट कमी म्हणून निर्धास्त राहू नका, आतला कंडेन्सर लावताना अगदी थोडा वेळ पण मोठा झटका घेतो.



सध्याचा रिले असा तपासा: मेन स्विच बंद करा, रिलेच्या दोन्ही मुख्य वायरी सोडवा, मल्टीमीटर बीपवर ठेवून पॉइंट तपासा. कॉइलला वीज नसताना बीप वाजला तर पॉइंट चिकटलेले आहेत. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर सुटले तरी तो रिले परत वापरू नका, खड्डे पडलेले पॉइंट लवकरच पुन्हा धरतात.